पाटी लावण्यापूर्वीची विचारपूस

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव परिसरात हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अशा गावात नवी शिकवणी सुरू करावयाची आणि तिची वेबसाइट करावयाची, तर सर्वप्रथम कोणते काम हाती घ्यावे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : नाव ठरवावे, रंग निवडावा, दोन-चार छायाचित्रे जमवावी आणि संगणक जाणणाऱ्या एखाद्या नातलगाच्या हाती सोपवावे. वेबसाइट तयार होते, आठ दिवस सगळे कुटुंब ती एकमेकांना पाठविते आणि पुढे तिच्याकडे कोणी फिरकत नाही. दोष बहुधा बांधणीचा नसतो. बांधणीपूर्वी तीन गोष्टींची चौकशी राहून गेलेली असते. या शिकवणीला नेमके काय साधावयाचे आहे, तिच्याकडे येणारा माणूस कोण आहे, आणि तो आज आपले काम कोणाकडून भागवून घेतो, या त्या तीन गोष्टी होत.

ही चौकशी कशी करावी हे एका उदाहरणावरून पाहता येईल. गाव खरे आहे. कुटुंब आणि त्याचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, गावातील एका किराणा दुकानदाराची सून एम.एस्सी., बी.एड. झालेली आहे. दुकानाच्या माडीवर पंधरा फूट बाय वीस फुटांची एक खोली रिकामी आहे. येत्या जूनपासून तेथे आठवी ते दहावीची गणित-विज्ञानाची शिकवणी सुरू करावी असे तिच्या मनात आहे. साठवलेले साठ हजार रुपये हाती आहेत. त्यांपैकी बाके, फळा आणि दिवे यांना पस्तीस हजार लागतील. उरले पंचवीस हजार. पुण्यात वेबसाइट करणारा भाचा नेमका पंचवीस हजारांचा अंदाज देतो, आणि वर्षाला चार हजार रुपये नाव व जागेच्या भाड्याचे. म्हणजे हाती उरलेली सगळी रक्कम एका वेबसाइटमध्ये जाणार.

भाचा कामात मुरलेला आहे, म्हणून तो रंगाची गोष्ट काढत नाही. त्याचा पहिला प्रश्न असा : “मामी, ही वेबसाइट नसली तर तुमचे नेमके काय अडेल?”

मामीचे उत्तर सगळेजण देतात तेच असते : “अरे, हल्ली सगळ्यांचीच असते. लोकांना कळायला नको का?”

‘लोकांना कळावे’ हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे, कारण ते साधले की नाही हे कधीच ठरविता येत नाही. उद्दिष्ट आकड्यात यावे लागते, आणि तो आकडा शिकवणीच्या जमाखर्चातून निघतो. वेबसाइटशी त्याचा आरंभी काही संबंध नसतो. भाचा वही पुढे ओढतो. इंग्रजी व्याकरणासाठी आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या शिक्षिकेचे मानधन सहा हजार, वीज एक हजार, छपाई व कागद एक हजार, असा महिन्याचा खर्च आठ हजार होतो. खोली घरची असल्याने भाडे नाही. फी दरमहा सातशे धरली, तर बारा विद्यार्थ्यांत खर्च भागतो. मामींना स्वतःच्या श्रमाचे बारा हजार मिळावे अशी अपेक्षा असेल, तर महिन्याला वीस हजार जमले पाहिजेत, म्हणजे एकोणतीस विद्यार्थी हवेत. खोलीत एका वेळी वीस मुले नीट बसतात. दोन तुकड्या केल्या तर कमाल चाळीस. बारा, एकोणतीस आणि चाळीस हे तीन आकडे एका ओळीत मांडले की पहिल्यांदाच उद्दिष्टाला आकार येतो : जुलैअखेर एकोणतीस प्रवेश. वेबसाइटचे पंचवीस हजार म्हणजे साडेतीन विद्यार्थ्यांची दहा महिन्यांची फी, हेही त्याच वहीत लिहिलेले बरे.

येथे बहुधा एक मोह होतो. ‘पहिल्या वर्षी चाळीस, तिसऱ्या वर्षी शंभर’ असे कोणीतरी घरातून सुचविते आणि वेबसाइट त्या शंभरांसाठी बांधली जाते. शंभरांचे स्वप्न पाहण्यास हरकत नाही, परंतु पन्नास या आकड्यापाशी थांबून विचार करावा लागतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या नियमनासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठविल्या. त्यांत पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या केंद्राचा विचार आहे. अशा केंद्राने सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये, अथवा माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. त्याच सूचनांत केंद्राची वेबसाइट असावी आणि तिच्यावर शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, कालावधी, फी, फी परतीचे धोरण इत्यादी माहिती अद्ययावत असावी अशीही अपेक्षा आहे. अंमलबजावणी राज्यांकडे असल्याने प्रत्यक्षात काय लागू आहे हे शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारूनच पुढे जावे. आठवी ते दहावीची शिकवणी पन्नासांच्या पलीकडे नेणे हा केवळ बाके वाढविण्याचा प्रश्न नाही, एवढे मात्र आताच कळले. चाळीस ही मर्यादा आता खोलीमुळे आणि नियमांमुळेही योग्य ठरते.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर निघते. इंग्रजीसाठी येणारी शिक्षिका जर कोठे शाळेत नोकरीस असेल, तर तिचे नाव वेबसाइटवर घालण्याचा प्रश्नच येत नाही; तिला शिकवणी घेताच येणार नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकास खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. ‘अनुभवी शाळा-शिक्षकांचे मार्गदर्शन’ हे वाक्य अनेक फलकांवर मोठ्या अक्षरांत झळकते. ते लिहिणाऱ्यांना आपण स्वतःविरुद्ध लेखी पुरावा देत आहोत याची जाणीव नसावी.

आता एकोणतिसांचा हिशेब उलटा करून पाहावा. दुकानात येणाऱ्या ओळखीच्या घरांपैकी चौदा जणांनी ‘आमचे पोर तुमच्याकडेच’ असे म्हटले आहे. तोंडी होकाराचा निम्मा भाग धरावा हा व्यापारातला जुना शहाणपणा येथेही लागू पडतो, म्हणून सात. उरले बावीस. चौकशीस प्रत्यक्ष येणाऱ्या तीन कुटुंबांपैकी एक प्रवेश घेते असे धरले, तर सहासष्ट कुटुंबे माडीचा जिना चढून आली पाहिजेत. तेवढी कुटुंबे गावात आहेत तरी का? हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. शाळांची माहिती देणाऱ्या यूडायस प्लस या सरकारी व्यवस्थेत ‘Know Your School’ या पानावर शाळानिहाय पटसंख्या पाहता येते. गावातील आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील मुले ज्या शाळांत जातात, त्या सर्वांची आठवी ते दहावीची बेरीज करावी. समजा ती तीनशे साठ निघाली. म्हणजे दर पाच-साडेपाच मुलांमागे एका मुलाच्या घरच्यांनी चौकशीस यावयास हवे.

या एका भागाकाराने वेबसाइटची भूमिकाच बदलते. मोठ्या शहरात अनोळखी माणूस फोनवर ‘गणिताची शिकवणी’ असे शोधतो आणि कोठे तरी पोहोचतो. तेथे वेबसाइट गिऱ्हाईक आणून देते. तीनशे साठ मुलांच्या परिसरात असा अनोळखी शोधणारा जवळजवळ नसतो. येथे शिकवणीची वार्ता शेजारणीकडून, मिरचीच्या काट्यापाशी, नाहीतर शाळेच्या फाटकात कळते. मग वेबसाइटने करावयाचे तरी काय? याचे उत्तर घरांतूनच आणावे लागते.

भाचा मामींना दहा कुटुंबांना भेटण्यास सांगतो. दहांत केवळ आपले नातलग आणि दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक नसावे, ही त्याची पहिली अट. दोन घरे अशी की ज्यांचे मूल आज दुसऱ्या शिकवणीला जाते. दोन अशी की ज्यांनी शिकवणी मध्येच सोडविली. दोन वाडीवरची, जेथून मुले एस.टी.ने येतात, एखादे असे की जेथे शिकवणीचा विचारही झालेला नाही. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. ‘आम्ही शिकवणी काढली तर मुलाला पाठवाल का? वेबसाइट असली तर पाहाल का?’ असे विचारावयाचे नाही. समोर बसलेल्या सूनबाईंना कोण नाही म्हणणार? चहा येतो, होकार येतो, आणि दोन्हींची किंमत सारखीच असते. विचारावयाचे ते घडून गेलेले : गेल्या वर्षी मूल कोठे जात होते, ते ठिकाण कोणी सुचविले, पाठविण्यापूर्वी काय पाहिले, फी कोणत्या महिन्यात दिली, का सोडविले. घडून गेलेल्या गोष्टीत भिडेला वाव कमी असतो. शेवटी एक विनंती करावयाची : ‘शेवटची शिकवणी शोधताना फोनवर काही पाहिले असेल तर दाखवता का?’ फोन कोणाच्या खिशातून निघतो, कोणत्या वेळी तो घरात असतो, त्यात जागा शिल्लक आहे की नाही, हे पाहूनच अर्धे काम होते.

अशा दहा भेटींतून काय निघू शकते? पहिली गोष्ट अशी की दहांपैकी एकाही घराने शिकवणी शोधयंत्रावर शोधलेली नाही. सात जणांना शेजारी वा नात्यातून कळली, दोघांना मुलाच्या मित्राकडून, एकाला फलकावरून. परंतु सहा घरांनी नाव कळल्यानंतर फोनवर काहीतरी केले : नकाशावर जागा पाहिली, कोणाकडून तरी व्हॉट्सॲपवर माहिती मागविली, किंवा संभाजीनगरला नोकरी करणाऱ्या दिराला ‘जरा बघून सांगा’ म्हणून नाव पाठविले. म्हणजे निर्णयात भाग घेणारी एक व्यक्ती गावात राहतच नाही. ती माडीचा जिना चढून येणार नाही. तिच्यासमोर केवळ फोनचा पडदा असतो. वेबसाइटचा खरा वाचक तो दीर आहे, आणि रात्री काम आटोपल्यावर निवांतपणे फोन पाहणारी आई आहे. विद्यार्थ्याला ती पाहण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट मामींनी मुळीच धरलेली नव्हती. त्यांना वाटत होते की पालकांची चिंता दहावीच्या गुणांची असेल. सहा आयांनी निरनिराळ्या शब्दांत एकच सांगितले : मूल सेमीला आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आहे, आणि आपण मराठीतून शिकल्यामुळे त्याची वही उघडूनही काही कळत नाही. एक आई म्हणते, “पाचवीपर्यंत मीच घ्यायचे हो. आता तो विचारतच नाही मला.” ही चिंता आठवीच्या आरंभीच सुरू होते, दहावीत नव्हे. वेबसाइटचे पहिले वाक्य काय असावे, हे ठरविण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. वाडीवरून येणाऱ्या मुलींच्या घरी एकच प्रश्न असतो : शिकवणी किती वाजता सुटते आणि त्यानंतर एस.टी. आहे का? शेवटची गाडी चुकत असेल तर शिकविणे कितीही चांगले असो, मुलगी येणार नाही. दोन जैन घरांत निराळेच निघाले. चातुर्मासात मुले चौविहार पाळतात. संध्याकाळची तुकडी सूर्यास्तानंतर सुटत असेल तर त्या मुलाचे जेवण बुडते. दोन कारणे सर्वस्वी वेगळी, उपाय एकच : मोठी तुकडी साडेपाचपूर्वी सुटावी. हे वेबसाइटवर वेळापत्रक म्हणून लिहिण्याआधी खुद्द वेळापत्रकच बदलावे लागते. चौकशीचे पुष्कळ निष्कर्ष असेच वेबसाइटच्या बाहेर जातात, आणि तेथेच त्यांचा अधिक उपयोग होतो.

चौथी गोष्ट पैशाची. प्रवेश जूनमध्ये, आणि जून हा शेतकऱ्याचा बियाणे-खताचा महिना. त्या वेळी घरातला पैसा जमिनीत जात असतो. मिरचीचे तोडे सुरू झाले की हात मोकळा होतो, आणि सोयाबीन-कापूस आल्यावर दिवाळीच्या सुमारास पुन्हा. भाच्याच्या आराखड्यात ‘वर्षाची फी एकरकमी भरल्यास दहा टक्के सूट’ अशी ठळक चौकट होती. शहरी पगारदारास ती आकर्षक वाटेल; येथे ती पाहून शेतकरी बाप इतकेच समजतो की हे ठिकाण आपल्यासाठी नाही. प्रवेशाच्या वेळी एक महिन्याची फी आणि पुढील रक्कम पिकाच्या दोन हंगामांत, अशी सवलत लिहिली तर तोच माणूस आत येतो. शिवाय फीचा आकडा उघड लिहावा की नाही, या नेहमीच्या वादाचा निकालही येथे लागतो. पाच घरांनी सांगितले की फी विचारण्याचा संकोच वाटतो, कारण विचारून मागे फिरणे गावात दिसते. आकडा लिहिलेला असला की तो संकोच आपोआप टळतो.

पाचवी गोष्ट तीन घरांत सहज निघाली. लाईट गेल्यावर काय करता? या प्रश्नाचा वेबसाइटशी काही संबंध दिसत नाही. तो वहीत टिपून ठेवला गेला, हे बरे झाले.

आठव्या-नवव्या भेटीनंतर तीच उत्तरे पुन्हा येऊ लागतात. दोन-तीन भेटी सलग काही नवे देत नाहीत, तेव्हा थांबावे. दहा घरांवरून टक्केवारी काढून मिरवू नये. दहांपैकी सहा म्हणजे गावातील साठ टक्के नव्हेत. अशा चौकशीतून कारणे कळतात, प्रमाण कळत नाही. प्रमाणासाठी पटसंख्येचा आकडा आहेच.

स्पर्धकांकडे वळताना बहुतेकजण केवळ दुसऱ्या शिकवण्यांची यादी करतात. परंतु मूल आज ज्या मार्गाने शिकते, तो प्रत्येक मार्ग स्पर्धक असतो. गावातील दोन घरगुती शिकवण्या, भोकरदनचा एक मोठा वर्ग, यूट्यूबवरील फुकटचे धडे, थोरल्या चुलतभावाची मदत, आणि ‘शाळेतले पुरे आहे’ हा निर्णय. शेवटचा सर्वांत बलवान. प्रत्येकाविषयी चारच प्रश्न विचारावे : तेथे कोण जाते, का जाते, का सोडते, आणि पालकांना काय कळत नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरे भेटींच्या वहीत आधीच आहेत. चौथ्यासाठी बाजारातून एक फेरी मारून फलक वाचावे, नकाशावरील नोंदी आणि तेथील अभिप्राय पाहावे, असलेली वेबसाइट उघडावी. पालक असल्याचे भासवून फोन करण्याची पद्धत काही व्यावसायिक सुचवितात; गावात तो आवाज ओळखला जातो, आणि न ओळखला गेला तरी खोटेपणा तो खोटेपणाच. उघड दिसणाऱ्या माहितीत पुरेसे काही असते.

समजा असे दिसले : दोन घरगुती शिकवण्यांची कोठेच लेखी माहिती नाही. तालुक्याच्या वर्गाची वेबसाइट आहे, पण पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीच्या प्रवेशाची जाहिरात अजून तशीच आहे, आणि गुणवंतांची मोठी छायाचित्रे उघडेपर्यंत वाट पाहावी लागते. सर्वांच्या फलकांवर ‘शंभर टक्के निकाल’ आहे. सेमी की मराठी माध्यम, एका तुकडीत किती मुले, किती वाजता सुटते, फी किती, यांपैकी एकही गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. आयांनी ज्या गोष्टी विचारल्या होत्या, नेमक्या त्याच कोठेही सापडत नाहीत. मग मोकळी जागा शोधण्यासाठी निराळी युक्ती लागत नाही. पालकांच्या प्रश्नांची यादी आणि स्पर्धकांच्या उत्तरांची यादी शेजारी ठेवली की रिकामे रकाने आपसूक दिसतात.

वेबसाइट पाहण्याची ही परीक्षा भाच्याने पुण्यातील वेगवान जोडणीवर बसून करू नये. गावात, संध्याकाळी, साध्या फोनच्या डाटावर ती करावी. फोनमधून थेट काढलेले छायाचित्र अनेकदा चार-पाच एमबीचे असते. पुण्यात ते क्षणात दिसते, माडीवर ते अर्धवट लटकते. तेच दोनशे केबीपर्यंत लहान केले तर पडद्यावर फरक जाणवत नाही.

गुणवंतांच्या छायाचित्रांची प्रथा अनुकरणीय समजून उचलण्यापूर्वीही थोडे थांबावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याच्या यशानंतर घेतलेल्या त्याच्या लेखी संमतीशिवाय नाव वा छायाचित्र वापरू नये, असे त्यांत सांगितले आहे. त्या सूचनाही पन्नासांहून मोठ्या केंद्रांसाठी आहेत, हे खरे. पण नव्या शिकवणीकडे दाखविण्यास निकालच नसतो, आणि दुसऱ्या शाळेचे यश आपल्या नावावर दाखविणे हा गावात दोन दिवसांत उघडा पडणारा प्रकार आहे.

नावाच्या शोधातही एक अडचण सापडते, आणि ती केवळ या गावाची आहे. महाराष्ट्रात पिंपळगावे अनेक आहेत. नाशिक जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत हे बाजाराचे मोठे गाव. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर. केवळ ‘पिंपळगाव’ लिहून शोधले तर मोठ्या गावाची माहिती वर येणे साहजिक आहे. म्हणून शिकवणीच्या नावात नव्हे, तरी पानाच्या शीर्षकात, पत्त्यात आणि नकाशावरील नोंदीत ‘पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन’ असे पूर्ण यावयास हवे. लोक रोमन अक्षरांतही लिहितात, तेव्हा ‘Pimpalgaon Renukai’ हेही एकदा असावे. इतक्या लहान गावासाठी शोधयंत्राचे आकडे दाखविणाऱ्या साधनांत काहीच सापडत नाही. ते नाही म्हणून भाच्याने राज्याचे आकडे आणून गावाला लावले, तर ते गणित आरंभीच चुकले.

आता या सगळ्याचे एक पान होते. एकच पान, कारण दोन झाली की दुसरे कोणी वाचत नाही. त्यावर मामींच्या हाताने लिहिले जाते : उद्दिष्ट, जुलैअखेर एकोणतीस प्रवेश. वेबसाइटचे काम, नाव आधीच कानावर गेलेल्या आईला आणि परगावच्या दिराला दोन मिनिटांत खात्री पटविणे, आणि त्यांच्याकडून फोन वा व्हॉट्सॲप घडविणे. सांगावयाच्या गोष्टी, सेमी व मराठी माध्यम दोन्ही, तुकडीत वीस मुले, सुटण्याची वेळ, फी आणि हप्ते, शिकविणारीची पदवी, दुकानाची खूण सांगणारा पत्ता. नको असलेल्या गोष्टी, ऑनलाइन प्रवेश, ऑनलाइन पैसे, विद्यार्थ्यांचे खाते, मुलांची छायाचित्रे.

या शेवटच्या ओळीवर भाचा थोडा हिरमुसतो. त्याच्या अंदाजातील बहुतेक रक्कम नेमकी त्याच गोष्टींची होती. परंतु प्रवेशअर्ज वेबसाइटवर घ्यावयाचा म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांची नावे, जन्मतारखा आणि फोन साठवावे लागणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अशा माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती अपेक्षिली आहे. चाळीस मुलांसाठी ही जबाबदारी घेण्यापेक्षा अर्ज माडीवर कागदावर भरून घेणे सोपे, आणि पालक त्या निमित्ताने जिना चढून येतोच.

“मग सात हजारांत होईल, मामी,” तो म्हणतो. मराठीतील एक लांब पान, पडद्याच्या तळाशी सतत दिसणारे फोनचे व व्हॉट्सॲपचे बटण, आणि गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद. नोंदीची पडताळणी गूगल कित्येकदा चित्रफीत मागवून करते. तिच्यात दारावरची पाटी आणि रस्ता दिसावा लागतो, आणि मंजुरीस काही दिवस जातात. म्हणून पाटी मेच्या आरंभीच लागावी, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात नव्हे.

उरलेल्या अठरा हजारांचे काय? वहीतील ती पाचवी नोंद येथे कामास येते. इन्व्हर्टर आणि बॅटरी. वेबसाइटवर एक ओळ वाढते, ‘वीज गेली तरी तुकडी चालू राहते’, आणि ती ओळ या परिसरात अन्य कोणाच्याही फलकावर नाही.

प्रवेशाच्या नोंदवहीत मात्र भाचा पहिल्या दिवसापासून एक जादा रकाना आखावयास लावतो : ‘कोठून कळले?’ आणि त्याच्या शेजारी दुसरा : ‘येण्यापूर्वी फोनवर पान पाहिले का?’ प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारावयाचा. महिन्यानंतर कोणाला आठवत नाही. जे चौकशी करून परत गेले त्यांचीही नोंद त्याच वहीत व्हावी, फी, वेळ की अंतर या कारणासह. तीन कुटुंबांमागे एक प्रवेश हा आरंभीचा अंदाज होता. जुलैअखेर तो दोनांमागे एक निघेल किंवा पाचांमागे एक. पान पाहून आलेल्यांचे आणि न पाहता आलेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले, तर पुढील वर्षीचे नाव-जागेचे भाडे भरावे की नाही, हे मामी वही उघडून ठरवतील. तोवर दर सोमवारी दोन मिनिटे काढून पानावरील ‘शिल्लक जागा’ हा आकडा बदलावयाचा आहे, आणि ते काम भाच्याचे नाही. मामींनी ते फोनवरून स्वतः करावयास शिकून घेतले आहे.